कणसूर सुरू कुठे होतो?

घरी गाताना गाणं नीट बसलंय असं वाटतं. तेच फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं की पहिल्याच ओळीत काहीतरी खटकतं. काय खटकलं, हे मात्र नेमकं सांगता येत नाही. मग ‘माझा आवाजच चांगला नाही’ असं ठरवून रेकॉर्डिंग पुसून टाकलं जातं, आणि ज्यातून चूक सापडली असती तो पुरावाच जातो.

आवाज न आवडण्याचा सुराशी काही संबंध नाही. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून कानात आणि कवटीच्या हाडांतून थेट आत. हाडांतून येणारा आवाज खर्जाकडे झुकलेला, भरदार असतो. रेकॉर्डिंगमध्ये ही दुसरी वाट नसते, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. इतरांना मात्र आपण असेच ऐकू येत असतो. चार-सहा वेळा ऐकलं की कान सरावतो. तोवर आवाजाच्या पोताबद्दल मत बनवू नये, फक्त सूर आणि लय ऐकावी.

गाताना चूक ऐकू न येण्याचं कारण वेगळं आहे. गाणारा माणूस शब्द आठवत असतो, श्वास सांभाळत असतो, पुढच्या हरकतीची तयारी करत असतो. अशा वेळी गळ्यातून निघालेल्या सुरापेक्षा मनातला सूरच त्याला जास्त ऐकू येतो. रेकॉर्डिंगमुळे गाणं आणि ऐकणं ही दोन कामं वेगळी होतात. पण चूक ऐकू आली म्हणजे सापडली, असं नाही. ती जिथे ऐकू येते त्याच्या बरंच आधी सुरू झालेली असते, आणि सुधारायची असते ती सुरुवात.

रेकॉर्डिंग कसं करावं

साधा फोन पुरतो. लागतं ते एवढंच, की रेकॉर्डिंगमध्ये आवाजाबरोबर तानपुराही स्पष्ट यायला हवा. नुसता आवाज रेकॉर्ड केला तर स्वर उतरला की चढला हे कशाशी ताडून पाहणार? म्हणून तानपुऱ्याचं ॲप दुसऱ्या फोनवर किंवा छोट्या स्पीकरवर लावावं. त्याचा आवाज इतका ठेवावा, की आपण गाताना तो मागे राहील आणि श्वास घेताना मोकळा ऐकू येईल. रेकॉर्ड करणारा फोन तोंडापासून हातभर अंतरावर, थोडा बाजूला असावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांची फुंकर माइकवर आदळते, आणि फार जवळ धरला तर तार सप्तकात आवाज फाटतो.

रेकॉर्डिंगच्या काही ॲपमध्ये आजूबाजूचा गोंगाट कमी करण्याची सोय असते. ती बंद करावी, कारण सतत एकसारख्या वाजणाऱ्या तानपुऱ्यालाही ती गोंगाट समजते आणि दाबून टाकते. कराओकेच्या ॲपमधला घुमारा आणि सूर आपोआप सरळ करणारी सोयसुद्धा नको. घुमाऱ्यात एक स्वर दुसऱ्यावर सांडतो आणि कणसूर झाकला जातो.

अख्खं गाणं रेकॉर्ड करण्याची गरज नाही. धृपद आणि एक अंतरा पुरे. तेवढंच तीनदा रेकॉर्ड करावं. एकाच रेकॉर्डिंगमध्ये आलेली चूक त्या वेळची घसर असू शकते. तिन्हींत त्याच अक्षरावर येते ती सवय, आणि मेहनत तिच्यावरच करायची.

तीनपैकी दोन वेळा नुसता तानपुरा ठेवावा आणि एकदा तबल्याचा ठेकाही लावावा. ठेका खोलीत मोठ्यानेच वाजू द्यावा. ब्लूटूथचे इअरफोन घालून ठेका ऐकला तर तो रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. शिवाय ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. त्यामुळे आपण त्या उशिराच्या ठेक्याबरोबर गातो, आणि नंतर दोन्ही आवाज जुळवायला गेलं तर नसलेली चूक दिसते.

एका गाण्याची तपासणी

नोकरी सांभाळून गाणं शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ. तिची पट्टी काळी चार. गाणं यमनच्या स्वरांतलं भावगीत, ताल केहरवा, लय मिनिटाला ८० मात्रांची. म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि आठ मात्रांचं आवर्तन सहा सेकंदांचं. धृपद मंद्र निषादावरून उठतं, रिषभावरून गंधारावर येऊन तिथे थांबतं, मग तीव्र मध्यम घेऊन पंचमाला जातं आणि त्याच वाटेने षड्जावर उतरतं.

तिने गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून कागदावर लिहून घेतले. रेकॉर्डिंग संध्याकाळी केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं. गाऊन झाल्याबरोबर ऐकलं तर मनातलं गाणं अजून ताजं असतं आणि तेच पुन्हा ऐकू येतं. फोनच्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ येतच नाही, म्हणून तिने तारेचे इअरफोन वापरले. एका ऐकण्यात एकच गोष्ट बघायची असं ठरवलं, आधी फक्त सूर आणि नंतर फक्त लय. स्वर उतरला असेल त्या अक्षराखाली खाली जाणारा बाण काढायचा, चढला असेल तर वर जाणारा.

स्वर हलला आहे हे कळतं, पण खाली की वर हे ओळखताना नवशिक्याचा गोंधळ होतो. त्यावर उपाय साधा आहे. रेकॉर्डिंग त्या स्वरावर थांबवावं, ऐकू आलेला स्वर गुणगुणत धरावा आणि तानपुरा लावून योग्य स्वरापर्यंत सरकत जावं. वर सरकावं लागलं तर रेकॉर्डिंगमधला स्वर उतरलेला होता, आणि खाली सरकावं लागलं तर चढलेला. षड्ज आणि पंचमावर आणखी एक खूण मिळते. आवाज आणि तानपुरा अगदी जुळले तर नाद सपाट, एकसंध येतो. थोडा फरक असेल तर त्यात हेलकावे येतात. काळी चारचा षड्ज सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा असतो. गळ्यातून २०६ निघाली तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतील.

तिच्या कागदावर तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये दोन बाण त्याच जागी आले. गंधारावरचा मुक्काम शेवटाकडे उतरत होता, आणि परत येताना तीव्र मध्यम पुरेसा तीव्र लागत नव्हता.

शब्द काढून बघा

दोन्ही ठिकाणी स्वर उतरत होता, पण दोन्हींची कारणं सारखी असतील असं नाही. ते ठरवण्यासाठी तिने तीच ओळ आणखी दोन प्रकारे रेकॉर्ड केली. एकदा सरगम म्हणून, आणि एकदा नुसत्या आकारात. माझ्या मते या सगळ्या पद्धतीत सर्वांत उपयोगाची पायरी हीच. सरगम, आकार आणि शब्द या तिन्हींत स्वर चुकत असेल तर तो स्वर कानात पक्का नाही किंवा श्वास पुरत नाही. सरगम बरोबर आणि शब्द चुकीचे असतील तर दोष उच्चारात आहे. सरगम बरोबर आणि आकार चुकीचा असेल, तर स्वराच्या नावाचा आधार काढल्यावर त्याची जागा सापडत नाही, असं समजावं.

तिचा उतरता तीव्र मध्यम सरगमीत स्वच्छ लागला, आकारातही लागला, आणि शब्दांत मात्र पडला. त्या जागी अनुस्वार असलेलं अक्षर होतं. स्वर सुरू होताच ती ओठ मिटून अनुस्वारात शिरत होती. तोंड लवकर मिटलं की नाद आत दबतो आणि त्याबरोबर स्वर खाली येतो. तिने त्या अक्षराचा अकार मोकळा ठेवून मात्रा भरली, अनुस्वार अगदी शेवटी, पुढच्या अक्षराला चिकटवून घेतला, आणि मध्यम जागेवर आला. हे कळलं नसतं तर तिने यमनचे अलंकार घोटत बसायचं ठरवलं असतं. अलंकारांत तिची चूक नव्हतीच.

गंधाराचं निदान वेगळं निघालं. तो सरगम, आकार, शब्द तिन्हींत उतरत होता, पण सुरुवातीला बरोबर लागून मग घसरत होता. सुरुवात बरोबर म्हणजे गंधार कानात आहे. मग संशय श्वासावर. रेकॉर्डिंगची सुरुवात पुन्हा ऐकली तेव्हा धृपदाचा पहिला शब्द हवेने भरलेला, फुसफुसत आलेला लक्षात आला. अर्धा श्वास तिथेच संपत होता आणि गंधारावर थांबायच्या वेळी दम उरत नव्हता. चूक ऐकू येत होती गंधारावर, पण सुरू होत होती पहिल्या शब्दावर. खात्री करण्यासाठी तिने गंधाराच्या आधी मुद्दाम श्वास घेऊन ओळ रेकॉर्ड केली. गंधार शेवटपर्यंत टिकला. मग तो जादा श्वास काढून टाकला आणि पहिला शब्द नीट, कमी हवेत म्हणण्यावर काम केलं.

ट्यूनर आणि तानपुरा यांचं भांडण

याच गंधारावर एक घोटाळा झाला. स्वर मोजणारं ट्यूनरचं ॲप लावून तिने गंधार धरला, तर काटा डावीकडे जाऊन चौदा सेंट कमी दाखवू लागला. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. तिने काटा मध्यावर येईपर्यंत गंधार चढवला, आणि पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुऱ्याजवळ तो टोचू लागला.

ॲप बिघडलेलं नव्हतं. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, पेटी आणि कीबोर्डही तसेच. काळी चारला त्या हिशेबाने गंधार २६१.६ कंपनांवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार मात्र षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे २५९.६ वर. सुमारे दोन कंपनांचा हा फरक म्हणजेच ते चौदा सेंट. तानपुऱ्यावर गाणाऱ्याचा गंधार ट्यूनरला उतरलेला दिसतो तेव्हा तो बरोबर असू शकतो. धैवत आणि निषादाचंही असंच होतं. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा असल्याने तिथे ट्यूनर आणि तानपुरा यांचं पटतं.

ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींप्रमाणे लावलेली पेटी घडवण्याचा प्रयत्न केला. पेटीचा गंधार गळ्याच्या गंधाराशी जुळत नाही, हीच त्यामागची अस्वस्थता होती.

रेकॉर्डिंग तपासणाऱ्याने यातून इतकंच घ्यावं, की आपण कशाबरोबर गातो आहोत ते आधी ठरवावं. तानपुऱ्यावर गात असाल तर निवाडा कानाने, तानपुऱ्याशी ताडून करावा. कीबोर्डवर केलेल्या तयार ट्रॅकवर गात असाल तर त्याच्या गंधाराशी जुळवून घ्यावं लागेल, आणि तिथे ट्यूनरचा काटा उपयोगी पडेल. शिवाय ट्यूनर एका सरळ, लांब स्वरावरच विश्वासाने चालतो. मींड, कण, आंदोलन यांत काटा सतत हलणारच, आणि ते हलणं म्हणजे चूक नव्हे. मागे तानपुरा वाजत असेल तर काही ॲप त्याचाच स्वर पकडतात, म्हणून मोजायचंच असेल तर त्या वेळी तानपुरा बंद ठेवावा.

लय वाढली की मात्रा खाल्ली?

लयीची तपासणी आधी ठेक्याविना केलेल्या रेकॉर्डिंगवर करावी. ठेका चालू असताना गाणारा नकळत त्याला धरून चालतो आणि थोडी घाई-दिरंगाई पुढच्या ओळीत भरून काढतो. स्वतःची लय किती टिकते हे ठेका काढल्यावरच कळतं.

तिने सुरुवातीच्या धृपदाच्या चार आवर्तनांची वेळ घड्याळावर बघितली, ती चोवीस सेकंद भरली. अंतऱ्यानंतर परत आलेल्या धृपदाला त्याच चार आवर्तनांसाठी बावीस सेकंद लागले. बत्तीस मात्रा बावीस सेकंदांत, म्हणजे मिनिटाला ८० ची लय ८७ वर गेली होती. वाढ नेमकी कुठे झाली हे बघायला तिने रेकॉर्डिंगबरोबर हातावर ताल धरला. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत, जिथे शब्द दाट आहेत, तिथे हात आपोआप ओढला जाऊ लागला. लय तिथे वाढली होती.

पण पहिल्या ओळीच्या शेवटी वेगळंच घडत होतं. हाताचा वेग तोच होता, तरी पुढची ओळ एक मात्रा आधीच सुरू झाली. याला मात्रा खाणं म्हणतात, आणि ती लय वाढण्यापेक्षा निराळी चूक आहे. लय वाढते तेव्हा टाळ्यांमधलं अंतर हळूहळू कमी होतं. मात्रा खाल्ली जाते तेव्हा अंतर तेच राहतं, पण सम भलत्या टाळीवर येते. दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

शब्द दाट असलेली ओळ तिने चाल काढून, नुसते शब्द टाळीवर म्हणत रेकॉर्ड केली. तिथेही वेग वाढला, म्हणजे शब्दांची विभागणीच मनात पक्की नव्हती. कोणतं अक्षर कोणत्या मात्रेवर येतं ते कागदावर आठ घरं आखून लिहिलं, आणि तसं म्हणत म्हणत ती ओळ बसवली. पहिल्या ओळीचे शब्द मात्र टाळीवर अगदी बरोबर आले. तिथे चार मात्रा लांबवायचा शेवटचा स्वर ती चालीत तीनच मात्रा धरत होती. इथेही कारण श्वासाचंच होतं. दम संपत आल्यावर माणूस स्वर सोडतो, श्वास घेतो आणि लगेच पुढची ओळ उचलतो. तिने श्वासाची जागाच ठरवून घेतली. साडेतीन मात्रा स्वर, अर्धी मात्रा श्वास, मग पुढची ओळ.

ठेक्यासकटच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक बारीक दोष निघाला. एका कडव्याची सम ‘स्व’ने सुरू होणाऱ्या शब्दावर येते. तिथे तबल्याचा ठोका आधी आणि गळा किंचित मागे पडत होता. ती उशीर करत नव्हती, ठोक्याबरोबरच ‘स’ सुरू करत होती. पण ‘स’ला सूर नसतो, आणि ऐकणाऱ्याला सम जाणवते ती सूर लागतो तेव्हा. ‘स’चा घर्षणाचा आवाज संपून अकार येईपर्यंत ठोका निघून गेलेला असे. उपाय असा की व्यंजन ठोक्याच्या किंचित आधी घ्यावं आणि ठोक्यावर अकार पडू द्यावा. ‘स’, ‘श’, ‘क्ष’, ‘श्र’ अशा अक्षरांवर सम असेल तिथे हे ऐकून बघावं. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रामवर हे दिसतंही. तबल्याचा ठोका टोकासारखा, ‘स’ बारीक केसाळ पट्ट्यासारखा आणि त्यानंतर अकाराचा फुगवटा. फुगवटा ठोक्याच्या टोकाखाली आला पाहिजे.

आता, भावगीतात गायक शब्द मुद्दाम ठोक्याच्या मागेपुढे टाकतात, त्यात गाण्याची गोडी असते. मग ती चूक की कलाकारी? तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये शब्द ठरवल्याप्रमाणे तसाच मागे आला आणि सम बिनचूक गाठली, तर ती योजना आहे. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडला, किंवा समेवर पोचताना धावाधाव झाली, तर तो अपघात आहे.

ऐकण्याआधी लिहा

या पद्धतीचा धोका असा, की माणूस रेकॉर्डिंगवर अवलंबून राहतो आणि गाताना कान उघडे ठेवत नाही. मैफलीत फोन थांबवून मागे जाता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग झालं की ते लावण्याआधी शब्दांचा कागद घ्यावा आणि आपण कुठे चुकलो असं वाटतं त्या जागी शिसपेन्सिलीने बाण काढावेत. मग रेकॉर्डिंग ऐकून दुसऱ्या रंगाने खरे बाण काढावेत.

दोन रंगांची तुलना बरंच काही सांगते. जिथे फक्त दुसरा रंग आहे तिथे चूक झाली आणि गाताना कळली नाही. पुढच्या रियाजात लक्ष नेमकं तिथे ठेवायचं. जिथे फक्त शिसपेन्सिल आहे तिथे भीती होती, चूक नव्हती. त्या जागेवर उगाच मेहनत करू नये. दोन्ही रंग जिथे आहेत तिथे कान बरोबर आहे आणि गळा मागे आहे. तिथे गुरूकडे जाताना रेकॉर्डिंगमधला मिनिट-सेकंद लिहून न्यावा, म्हणजे तेवढीच जागा ऐकवून दुरुस्ती विचारता येते.

या विद्यार्थिनीच्या पहिल्या कागदावर दोन रंगांचं जवळजवळ कुठेच जुळत नव्हतं. नंतरच्या कागदांवर ते जुळू लागले. बाणांची संख्या लगेच घटली नाही, पण शिसपेन्सिलीचे बाण खऱ्या चुकांवर पडू लागले. पुढे गंधार घसरू लागला की गातानाच तिला कळायचं आणि त्याच ओळीत ती श्वास सावरून घ्यायची. एखाद्या गाण्यात दोन्ही रंग सलग तीन रेकॉर्डिंगमध्ये जुळले, की त्या गाण्यासाठी फोन बाजूला ठेवायला हरकत नाही. नव्या गाण्यात पुन्हा धृपद आणि एका अंतऱ्यापासून सुरुवात करावी.